शिक्षेच्या तारखेला भावाचं म्हणणं लिहून द्यावं का?

पळसफुल (गुरुवार, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. 2021 च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, शेजारच्या वावरवाल्याने धुरा फोडला म्हणून माझ्या धाकट्या भावाने हटकलं, आणि त्याने बंडीतली कुऱ्हाड काढली. भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, मनगटाची शीर कापली. केस 307 ची लागली होती. आज कोर्ट म्हणालं, जीव घ्यायचा इरादा सिद्ध होत नाही, 326, म्हणजे घातक हत्याराने जबर दुखापत, मात्र सिद्ध होतं. आरोपीला तिथूनच आत घेतलं. शिक्षेवर ऐकायला सोमवार दिला आहे.

बाहेर आल्यावर सरकारी वकील म्हणाले, "तुमच्यावर काय गुदरली ते दोन पानं लिहून द्या, मी लावतो." भाऊ म्हणतो, इतकी वर्षं तारखा केल्या, साक्ष दिली, उलटतपासात मलाच खोटं ठरवायला निघाले होते, आता आणखी काय लिहू? वहिनी म्हणते लिहा, आणि कडक लिहा.

माझे प्रश्न दोन. लिहिल्याने शिक्षेत फरक पडतो का? आणि पडत असेल तर तो पडायला हवा का? दुसरा प्रश्न विचित्र वाटेल. मी गावातल्याच शाळेत शिकवते. आरोपीची मुलगी माझ्या वर्गात आहे.

वऱ्हाडी_ठेचा (गुरुवार, रात्री 10:05)

ताई, बिनधास्त लिहा. नव्या कायद्यात पीडिताचं ऐकणं कोर्टाले बंधनकारक केलं हाय. ऐकलं नाही तर शिक्षाच रद्द होते. सरळ लिहा का ह्याले दहा वर्षं द्याच, नाही तर आमी हायकोर्टात जातो. नरम लिहिलं का दोन वर्षांत सुटून येते अन् पुन्हा धुऱ्यावर उभा राहते.

कोर्टाचा_ओटा (गुरुवार, रात्री 11:20)

बावीस वर्षं फौजदारी करतो. कधी आरोपीकडून, कधी फिर्यादीला मदत म्हणून. ठेचा भाऊंचं थोडं दुरुस्त करतो.

नवी नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून आली. ताईंची केस त्याआधीच चालू होती, त्यामुळे तिला जुनीच प्रक्रिया लागते. पण नव्यातही तुम्ही म्हणता तसं कलम नाही. तपास कुठवर आला ते 90 दिवसांत पीडिताला कळवायचं, सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी पीडिताचं ऐकायचं, हे नवीन आहे. शिक्षेच्या दिवशी मात्र कलम एकाच माणसाला बोला म्हणतं, आणि तो आरोपी. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात म्हटलं होतं की शिक्षेआधी पीडितावर काय परिणाम झाला हे कोर्टासमोर यायला हवं. ते म्हणणं निकालात राहिलं, संहितेत उतरलं नाही.

तरी कागद आत जातो. एक तर सरकारी वकिलाच्या हातून, नाही तर तुमच्या खाजगी वकिलाने कोर्टाची परवानगी घेऊन लेखी युक्तिवाद म्हणून. तो पुरावा नाही हे लक्षात ठेवा. त्यावर शपथ नाही, उलटतपास नाही. म्हणून साक्षीत आलेलं नाही असं काही त्यात घातलं, "याने आधीही दोनदा मारायची धमकी दिली होती" वगैरे, तर समोरचा वकील हरकत घेणार. मी त्या बाजूला असतो तर मीही घेतली असती. उद्या शिक्षा त्या वाक्यावर टेकलेली दिसली तर अपिलात तीच पहिली ढिली होते.

आता तुमचा पहिला प्रश्न. 326 ला जन्मठेप, किंवा दहा वर्षांपर्यंत, आणि खाली किमान काहीच नाही. एवढा मोठा पट्टा. त्यात न्यायाधीश कुठे थांबतात ते जखम, हत्यार, आधीचा गुन्हा, आरोपीचं वय, घरची परिस्थिती यावर. पीडिताच्या कागदाने तुरुंगाची वर्षं वाढलेली मी फार कमी पाहिली. फरक दिसतो तो भरपाईत.

सौ_चिखलीकर (शुक्रवार, सकाळी 7:15)

ताई, आमच्या ह्यांच्या अपघाताच्या केसमध्ये वकिलांनी उत्पन्नाचा दाखला, सातबारा, वयाचा पुरावा असं सगळं जोडलं होतं. मग वयाच्या आकड्याने गुणून रक्कम काढली. तुम्हीही भावाचं महिन्याचं उत्पन्न जास्त दाखवा. शेतकऱ्याचं उत्पन्न कोणी मोजत नाही, आम्हाला तिथेच मार बसला. विमा कंपनी कोणती आहे?

कोर्टाचा_ओटा (शुक्रवार, सकाळी 8:02)

चिखलीकर ताई, तो अपघात दाव्याचा हिशेब. इथे विमा नाही आणि गुणाकारही नाही. पण कागद जोडायचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. फौजदारी कोर्ट दंड ठोठावतं आणि त्यातला भाग जखमीला द्यायला सांगू शकतं. तेवढ्याने भागत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे शिफारस करता येते. मग ते चौकशी करून सरकारच्या योजनेतून रक्कम ठरवतात, कायद्यात त्याला दोन महिने आहेत.

2013 चा सर्वोच्च न्यायालयाचा अंकुश शिवाजी गायकवाड निकाल आपल्याच राज्यातला. शेताजवळून जाताना कुत्रा भुंकला, त्याला मारलं म्हणून भांडण, आणि त्यात माणूस गेला. त्यात कोर्टाने खालच्या कोर्टांना बजावलं की भरपाई द्या किंवा देऊ नका, पण तिचा विचार केला हे प्रत्येक निकालात दिसलं पाहिजे. विचार करायला न्यायाधीशाच्या हातात काहीतरी लागतं. नुसतं "आमचं आयुष्य उद्ध्वस्त झालं" यावर कोणी आकडा लिहू शकत नाही.

उत्पन्न फुगवू मात्र नका.

नागपूरकर_डेट्रॉईट (शुक्रवार, सकाळी 9:30)

इथे मिशिगनमध्ये 2018 च्या जानेवारीत जिम्नॅस्टिक्सच्या मुलींवर अत्याचार करणाऱ्या लॅरी नासर या डॉक्टरच्या शिक्षेच्या वेळी दीडशेहून जास्त मुली आणि बायका एकेक करून कोर्टात बोलल्या. दिवसचे दिवस चाललं. मी कामावर बसून ऐकत होतो, डोळ्यांतून पाणी यायचं. त्यातल्या कितीतरी जणींचं आधी कोणीच ऐकलं नव्हतं. हे मिळायलाच हवं असं तेव्हा वाटलं. पण शेवटी न्यायाधीश बाईंनीच आरोपीला "मी आत्ता तुझ्या डेथ वॉरंटवर सही केली" अशा अर्थाचं सुनावलं, आणि ते ऐकून मी जरा चरकलो. माणूस नीच होता यात शंका नाही, पण खुर्ची कोणाची आणि टाहो कोणाचा हे वेगळं राहायला हवं ना?

इथल्या सर्वोच्च न्यायालयाचंही हेच झालं. 1987 मध्ये म्हणाले, फाशीच्या खटल्यात ज्युरीसमोर असं निवेदन नको, मेलेला माणूस किती चांगला होता यावर फाशी ठरू लागेल. चारच वर्षांनी, 1991 मध्ये, निकाल उलटा फिरवला.

वखर_पास (शुक्रवार, दुपारी 1:10)

मी दुसऱ्या बाजूचा आहे. शिव्या द्यायच्या असतील तर द्या.

माझा मोठा भाऊ आत आहे. मारामारीत त्याच्या हातून काठी लागली, समोरच्याचा पाय मोडला. चूक त्याची, मी नाकारत नाही. शिक्षेच्या दिवशी त्यांच्याकडून तीन पानं आली. टाईप केलेली, भाषा एकदम झकास. "घरातला कमावता हात गेला, म्हातारे आईवडील अन्नाला मोताद झाले." त्या माणसाचे वडील आमच्या लहानपणीच वारले होते. पुढच्या पानावर गावाचं नावच दुसरं. मुन्शीने जुन्या केसमधला मजकूर उचलून नाव बदलायचं विसरला होता. आमच्या वकिलाने दाखवून दिलं, सगळे हसले. पण मी हसलो नाही. कारण ते नाव बदललं असतं तर ते खरं धरलं गेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच. काठी तीच, पाय तोच मोडला, कलम तेच. मग समोरच्याला लिहिणारा चांगला मिळाला म्हणून माझ्या भावाची वर्षं वाढायची का? आणि उद्या त्याच काठीने एखाद्या सालदाराचा पाय मोडला, ज्याला मागं ना पुढं कोणी, तर त्याचा पाय स्वस्त?

वऱ्हाडी_ठेचा (शुक्रवार, दुपारी 1:25)

काठी मारतानी हा विचार काऊन नाही आला भाऊले?

वखर_पास (शुक्रवार, दुपारी 1:31)

नाही आला. म्हणून तर आत आहे.

निळी_पहाट (शुक्रवार, रात्री 8:50)

सालदाराचा मुद्दा कोणीतरी काढला हे बरं झालं.

आमची केस ॲट्रॉसिटीची होती. त्या कायद्यात 2016 पासून लिहिलेलंच आहे की जामीन असो, सुटका असो की शिक्षा, पीडिताला ऐकून घ्यायचं आणि त्याला लेखी म्हणणंही देता येतं. ओटा साहेब, बरोबर ना? तिथे "शिक्षा" हा शब्द कलमातच आहे. आम्हाला तो शब्द कोणी सांगितला नव्हता, एका कार्यकर्त्या ताईंनी पुस्तक उघडून दाखवला.

माझी आई बोलली. सही करण्यापुरतंच अक्षर येतं तिला, म्हणून तिनं लिहून न देता तोंडी सांगायची परवानगी मागितली. पाच मिनिटं. विहिरीवर जाणं बंद केलं ते किती दिवस, पाणी कुठून आणलं, मुलीची शाळा कधी सुटली, तेवढंच. आरोपीकडे बघितलंसुद्धा नाही. शिक्षा जेवढी झाली असती तेवढीच झाली असेल, मला काही फार वेगळी वाटली नाही. पण घरी येताना एसटीत ती म्हणाली, "आज मले कोणी मधात अडवलं नाही." साक्षीच्या वेळी दर वाक्याला अडवत होते.

वखर भाऊ, जिच्या मागे कोणी नाही तिला बोलू दिलं नाही तर ती समान होत नाही. तिचा कागद नसतो, पण आरोपीच्या बाजूने घरची गरिबी, लहान मुलं, म्हातारी आई हे सगळं सांगितलंच जातं. ते कोणी तपासतं का?

कोर्टाचा_ओटा (शुक्रवार, रात्री 10:40)

पहाट ताई, तुमचं बरोबर. त्या कायद्यात पीडिताला नोटीस देणं आणि ऐकणं टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं आहे. पण ते त्याच कायद्याच्या केसेसना. पळसफुल ताईंच्या केसला ते लागत नाही.

आरोपीच्या गरिबीचा मुद्दाही खरा. पण आरोपीला ऐकायचं कारण वेगळं आहे. शिक्षा त्याला भोगायची असते, आणि त्याचा दोष किती हे त्याच्या मनात काय होतं यावर जातं. जखमीच्या घरात कमावता एकटाच होता हे कुऱ्हाड उगारताना त्याला ठाऊक होतं का? ठाऊक नव्हतं, तर त्या गोष्टीची वर्षं त्याच्या माथी कशी मारायची? शेजारच्या वावरवाल्याला मात्र ते ठाऊक असतं. गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं, म्हणून शहरातला हा युक्तिवाद आपल्याकडे अर्धाच चालतो. माझं स्वतःचं मत यावर अजून पक्कं झालेलं नाही.

इंग्लंडमध्ये 2001 पासून ही सोय आहे. तिथे पीडित काय भोगलं ते सांगतो, पण किती शिक्षा द्यावी हे त्याचं मत धरत नाहीत. मला ही रेघ पटते. ठेचा भाऊंचं "दहा वर्षं द्याच" रेघेच्या पलीकडे. "डवरा धरता येत नाही" हे अलीकडे.

रेघ का हवी तेही सांगतो. पीडिताच्या मताने शिक्षा वाढू लागली की त्याच मताने ती कमी पण होणार. मग सोमवारच्या आधी तुमच्या दारात कोण येऊन बसेल?

पळसफुल (शनिवार, सकाळी 6:50)

ओटा साहेब, तुमचं वाचून अंगावर काटा आला. काल रात्रीच आले होते. आरोपीचा मामा, सरपंच आणि आमच्याच भावकीतले एक काका. दवाखान्याचा खर्च देतो, धुरा मोजून जिथला तिथं करून देतो, फक्त भावाने लिहून द्यायचं की आमचा राग राहिला नाही. काका म्हणाले, "पोरीचं लग्न व्हायचं आहे त्याच्या, तुम्ही शिकलेली माणसं." भाऊ काहीच बोलला नाही. वहिनीने चहा केला नाही.

हे लिहून दिलं तर काय होतं?

कोर्टाचा_ओटा (शनिवार, सकाळी 8:15)

326 आपसात मिटवता येत नाही. गुन्हा राहतो, दोष राहतो. पण "समझोता झाला" अशी पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दाखल झाली की शिक्षा कमी करायला ते एक कारण धरतात, आणि कधी कधी बरीच कमी होते. ज्याला खरंच मिटवायचं आहे त्याने मिटवावं, त्यात कमीपणा नाही. पण रात्री तिघं जण येऊन बसतात तेव्हा ते मन कोणाचं हे मला कळत नाही, न्यायाधीशाला तर कळणंच शक्य नाही. पहाट ताईंच्या आईसारखी बाई असती तर तिच्याकडे तिघं नाही, दहा जण गेले असते.

पैसे घ्यायचेच असतील तर कोर्टात जमा करायला सांगा, हातात नको. सही करायची की नाही ते भावाने ठरवावं, सरपंचांनी नाही.

आणखी एक. शिक्षा कमी वाटली म्हणून पीडिताला अपील करता येत नाही, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. ते सरकारने करायचं. पण 307 वरून 326 वर आणलं, म्हणजे हलक्या गुन्ह्याखाली दोषी धरलं, यावर तुम्ही स्वतः जाऊ शकता. भरपाई अपुरी वाटली तरी जाऊ शकता. म्हणून निकालाची नक्कल सोमवारीच मागून ठेवा.

पळसफुल (रविवार, दुपारी 3:20)

भावाने रात्री स्वतः सांगितलं, मी लिहून घेतलं. जसंच्या तसं टाकते, काय काढू ते सांगा.

"माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नाहीत. अंगठा आहे पण मूठ वळत नाही. डवरा धरता येत नाही, फवारणीचा पंप मारता येत नाही. मागची तीन वर्षं निम्मं वावर मक्त्याने दिलं आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि दवाखान्याची बिलं जोडली आहेत. थंडीत मनगट दुखते. मी सही डाव्या हाताने करतो, बँकेत जुनी सही जुळत नाही म्हणून दोनदा परत पाठवलं. मी त्या धुऱ्याकडून जात नाही, लांबून जातो. आरोपी हा पहिल्यापासून गुंड आहे आणि गावात कोणालाही विचारा. त्याला जन्मभर आत ठेवावं. त्याच्या घरचे काल आले होते आणि दबाव टाकत होते."

वखर_पास (रविवार, दुपारी 3:45)

ताई, सहीवालं वाक्य वाचून थांबलो. हे खोटं कोणी लिहू शकत नाही.

कोर्टाचा_ओटा (रविवार, संध्याकाळी 5:30)

गुंडवालं वाक्य काढा, ते साक्षीत नाही. जन्मभरवालं काढा. दबावाचं खरं आहे पण ते या कागदात नको. सरकारी वकिलांना वेगळं सांगा, वेगळा अर्ज होतो. बाकी एकही शब्द सुधारू नका, माझ्या मुन्शीकडे तर मुळीच देऊ नका. मक्त्याचा कागद असेल तर जोडा. नसेल तर ज्याला दिलं त्याचं नाव लिहा.

वऱ्हाडी_ठेचा (रविवार, संध्याकाळी 5:41)

जन्मभर काढाले सांगता साहेब, पण मनातलं तेच हाय ना त्याच्या? मनातलंच नाही लिहायचं त कागद कायचा?

निळी_पहाट (रविवार, संध्याकाळी 6:20)

ठेचा, ते आईनेही मनातच ठेवलं. अजून आहे.

पळसफुल (सोमवार, रात्री 9:15)

झालं. आरोपीच्या वकिलांनी कागद वाचला, हरकत घेतली नाही. भाऊ उभा राहिला. वाचून दाखवायची गरज नाही म्हणाले, न्यायाधीशांनी स्वतःच वाचलं. मान वर न करता एकच विचारलं, "बँकेत आता नवी सही लागली का?" भाऊ म्हणाला, लागली साहेब.

चार वर्षं सक्तमजुरी, 60,000 दंड, त्यातले 50,000 भावाला. प्राधिकरणाकडे शिफारस केली आहे. सरकारी वकील म्हणाले, समोरच्याने अपील केलं तर दंडातले पैसे तोवर अडकतील. निकालात दिव्यांग प्रमाणपत्राचा उल्लेख आहे, भावाच्या कागदाचा नाही. त्यामुळे त्याने काय झालं, काही झालं का, मला सांगता येत नाही. नक्कलेचा अर्ज दिला आहे. 307 साठी जायचं की नाही यावर घरात दोन मतं आहेत, आणि त्यातलं एक माझं रोज बदलतं.

भावाने त्या कागदाची झेरॉक्स सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे. आरोपीची मुलगी आज शाळेत आली नव्हती. उद्या तिच्या घरी कोणाला पाठवायचं ते हेडमास्तरांना विचारते.